दिसते तशी नसते: पहिल्या वेलांटीची बाजू

टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसांना युनिकोडात मराठी टंकायला दिलं की एक तक्रार ठरलेली असते. 'दिवस' या शब्दात डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग द. यंत्रावर ती आधीच मारायची, आणि वहीत लिहितानाही बऱ्याच जणांचा हात आधी वेलांटीची काठी ओढतो. मग संगणकावरच आधी द आणि नंतर वेलांटी, हा उफराटा कारभार कोणी सुरू केला? परदेशी कंपन्यांनी, असं उत्तरही तक्रारीसोबत फुकट मिळतं. मागणी एका ओळीची असते: जसं दिसतं तसं टंकू द्या.

ही मागणी साधी आणि देशी वाटते. माझ्या मते ती चुकीची आहे. तिच्यामागे एक त्याहून घातक समजूत दडलेली आहे: मजकूर पडद्यावर बरोबर दिसला की तो बरोबर असतो. या समजुतीपायी जुनी पुस्तकं टंकून जपणाऱ्या लोकांची किती मेहनत पाण्यात जाते, ते मी गेली काही वर्षं जवळून पाहतो आहे. म्हणून जरा सविस्तर भांडतो.

आधी ते परदेशी कंपन्यांचं. व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर हा क्रम युनिकोडने शोधलेला नाही. तो इस्की या भारतीय मानकातून आला, आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलकही त्याच विचारावर बेतलेला आहे. दोन्ही ऐंशीच्या दशकात सरकारी आशीर्वादाने इथेच घडले. युनिकोडने देवनागरीचा तक्ता बसवताना इस्कीची मांडणी उचलली. आणि इस्कीने तरी हा क्रम कुठून आणला? शाळेतून. 'द ला पहिली वेलांटी दि' असं आपण सगळे घोकत आलो. 'पहिल्या वेलांटीला द' असं कोणत्याही गुरुजींनी शिकवल्याचं मला ठाऊक नाही. बाराखडीत क, का, नंतर कि येतो. उच्चारात आधी व्यंजन फुटतं, मग इ. वेलांटी डावीकडे बसते तो लिपीचा रिवाज आहे. भाषेला त्याचं काही देणंघेणं नाही.

'दिसतं तसं' म्हणजे नेमकं कसं, हा खरा प्रश्न आहे. 'बुद्धिबळ' हा शब्द घ्या. जुन्या छापील पुस्तकात द आणि ध एकाखाली एक जोडलेले असतात आणि वेलांटी त्या संपूर्ण जोडाक्षराच्या डावीकडे उभी असते, म्हणजे दच्याही आधी. शाळेच्या अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत तोच शब्द द चा पाय मोडून लिहितात: बुद्‌धिबळ. तिथे वेलांटी दच्या पुढे सरकते आणि फक्त धच्या डावीकडे बसते. शब्द तोच, उच्चार तोच, वेलांटीची जागा मात्र दोन ठिकाणी. त्यातून एखाद्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नसेल तर तुम्ही काहीही न बदलता नुसता फॉन्ट बदलल्यावरही वेलांटी इकडून तिकडे जाते. आता दिसतं तसं टंकायचं ठरवलं तर कोणत्या फॉन्टमध्ये दिसतं तसं? उद्या मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की पुन्हा टंकायचा का?

ध नंतर वेलांटी साठवली तर हा प्रश्नच उरत नाही. द, पाय मोडणारं चिन्ह, ध, वेलांटी हा क्रम कायम राहतो. पाय उघडा दाखवायचा असेल तर मध्ये एक अदृश्य चिन्ह येतं, पण वेलांटी धच्या मागची हलत नाही. चित्र कसं काढायचं ते फॉन्टने पाहावं. ते त्याचं काम आहे आणि गेली वीस-एक वर्षं तो ते बऱ्यापैकी करतो आहे.

सवय मात्र मोठी चिवट असते, आणि ही सवय शिसाच्या खिळ्यांपासूनची आहे. जुळारी खिळे डावीकडून उजवीकडे लावत जाई आणि पहिल्या वेलांटीचा खिळा व्यंजनाच्या आधी ठेवी. त्याला पर्यायच नव्हता, कारण शिसं मागे सरकत नाही. टाइपरायटरचंही तेच. कागद एका दिशेने सरकतो, म्हणून वेलांटीची काठी आधी उठवायची आणि तिच्या टोपीखाली अक्षर बसवायचं. मग संगणक आला, आणि पहिल्या पिढीच्या मराठी-हिंदी फॉन्टांनी टाइपरायटरचीच नक्कल केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी तुकड्यांची चित्रं भरली. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच राहिला, फक्त कपडे देवनागरी चढवले. कृतिदेव हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला नमुना. कृतिदेवातला मजकूर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की `fgUnh` असं काहीतरी दिसतं. तो शब्द आहे 'हिन्दी': `f` म्हणजे वेलांटी, `g` म्हणजे ह, `U` म्हणजे अर्धा न, `n` म्हणजे द आणि `h` म्हणजे दुसरी वेलांटी.

यात एक गंमत आहे, आणि टंकणाऱ्यांच्या दृष्टीने ती अजिबात गंमत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही पहिली वेलांटी `f` वरच आहे. म्हणजे रेमिंग्टन पद्धतीवर शिकलेला माणूस इन्स्क्रिप्टकडे वळला तर बाकीची सगळी बोटं नव्याने शिकतात, आणि डाव्या हाताची तर्जनी मात्र जुन्याच कळीवर, जुन्याच वेळी, म्हणजे व्यंजनाच्या आधी पडते. 'कविता' इन्स्क्रिप्टवर `k b f l e` अशी टंकायची. जुन्या सवयीने ती `k f b l e` अशी होते. एका कळीची अदलाबदल, बस्स. गमभन किंवा तत्सम उच्चारानुसारी पद्धतीवर वाढलेल्यांना हा घोटाळा समजतही नाही, कारण रोमन अक्षरांत v च्या आधी i कोणी मारत नाही.

या अदलाबदलीतून काय निघतं, ते शब्दागणिक वेगळं असतं. सगळा डाव इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी असेल तर चूक ओरडून सांगते. 'दिवस' उलटा टंकला की 'िदवस' होतो. वेलांटीला आधार द्यायला मागे व्यंजनच नाही, म्हणून बहुतेक ब्राउझर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. 'माहिती'चं 'मािहती' होतं, तिथेही वर्तुळ, कारण मला आधीच काना लागलेला आहे आणि एका व्यंजनाला दोन स्वरचिन्हं लागत नाहीत. ही वर्तुळं आंतरजालावर ढिगाने दिसतात. ती कुरूप आहेत, पण प्रामाणिक आहेत.

आता मधलं व्यंजन मोकळं असेल तर? 'कविता' उलटी टंकली की 'किवता'. वर्तुळ नाही, काही नाही. वेलांटीला मागे क सापडला, ती त्याला जाऊन बिलगली. यंत्राच्या दृष्टीने हा निर्दोष शब्द आहे. गणिताचं 'गिणत', सचिवाचा 'सिचव', रसिकाचा 'रिसक'. भरभर वाचणारा डोळा यातले अर्धे शब्द सरळ करून वाचतो आणि पुढे जातो. हीच त्याची खोड. सवयीच्या शब्दाचा आकार ओळखीचा असला की आतली अक्षरं तो तपासत नाही.

याहून वाईट म्हणजे चुकून दुसराच खरा शब्द तयार होतो तेव्हा. 'वनिता' उलटी टंकली की 'विनता' होते, म्हणजे कोण्या स्त्रीऐवजी थेट गरुडाची आई. 'मलिन' उलटं टंकलं की 'मिलन' होतं. एखाद्या जुन्या कादंबरीत 'मलिन वस्त्रांत' कोणी आलं असेल आणि टंकलेल्या प्रतीत 'मिलन वस्त्रांत' येत असेल, तर शुद्धलेखन तपासणारं कोणतंही सॉफ्टवेअर त्याला अडवणार नाही. दोन्ही शब्द कोशात आहेत.

आणि सगळ्यात फसवा शब्द माझ्या मते 'लिहिलं'. त्यात दोन पहिल्या वेलांट्या. उलटं टंकलं तर 'िलिहलं' मिळतं. सुरुवातीला एक पोरकी वेलांटी, वर्तुळासकट. कोणी तरी ती 'कचरा' समजून खोडतो. उरतं 'लिहलं'. आता हे असं लिहिणारे लोक महाराष्ट्रात भरपूर आहेत, तेव्हा पुढचा तपासनीस म्हणतो, लेखकाने बोलीत लिहिलं असेल, राहू द्या. एका क्रमाच्या चुकीवर दुसऱ्याने खाडाखोड केली, तिसऱ्याने तिला शैली म्हणून मान्यता दिली आणि मूळ शब्द कायमचा गेला.

हे हाताच्या चुकांचं झालं. यंत्राच्या चुका वेगळ्या, आणि त्या थोक भावात होतात. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणणारे परिवर्तक पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे असं धरून चालतात की वेलांटी दिसली की तिची पुढच्या अक्षराशी अदलाबदल करायची, काम संपलं. 'दिवस' आणि 'कविता' यांना हे पुरतं, पण जोडाक्षर आलं की फसतं. 'स्थिती'त वेलांटी सच्या आधी दिसते आणि तिची जागा मात्र थच्या नंतर असते. मध्ये स, पाय मोडणारं चिन्ह आणि थ अशी तीन चिन्हं ओलांडायची असतात. परिवर्तक एकच ओलांडतो आणि 'सि्थती' पाडतो. 'व्यक्तिमत्त्व'चं 'व्यकि्तमत्त्व' होतं. मध्येच तुटका पाय लोंबकळत असलेले हे शब्द तुम्ही नक्की पाहिले असतील.

रफार आला की गुंता दुप्पट होतो. 'आर्थिक' जुन्या फॉन्टात आ, वेलांटी, थ, रफार, क असा साठवलेला असतो; कृतिदेवात `vkfFkZd`. युनिकोडात तो आ, र, पाय, थ, वेलांटी, क असा हवा. म्हणजे वेलांटी थच्या मागे ढकलायची आणि रफार थच्या पुढे आणायचा. दोघांना एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना जायचं आहे. परिवर्तकाने वेलांटी हलवली आणि रफाराला जागच्या जागी 'र्' केलं तर 'आथिर्क' मिळतो. नीट बघा: रफार थवरून उडून कवर बसला आहे. वर्तुळ नाही, तुटका पाय नाही, एक लहानशी कोयरी एक घर उजवीकडे गेली एवढंच. 'धामिर्क', 'वाषिर्क' ही त्याचीच भावंडं. दोन हजारच्या दशकातल्या आंतरजालावर हे शब्द इतके होते की काही लोकांना ते बरोबर वाटू लागले असावेत.

आणि कोणी म्हणेल, आम्ही पहिल्यापासून युनिकोडातच टंकतो, आम्हाला कशाला सांगता? तर त्यांच्यासाठी पीडीएफ आहे. तुम्ही शब्दन्‌शब्द बरोबर टंकलात आणि त्याची पीडीएफ केलीत. पीडीएफ मुळात कागद आहे. तिच्यात पानावर काढलेल्या आकृत्या डावीकडून उजवीकडे ठेवलेल्या असतात, आणि वेलांटीची आकृती अर्थातच आधी. कोणी त्या फायलीतून मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की पुन्हा 'मािहती', पुन्हा 'िदवस'. सरकारी परिपत्रकांतून उचललेल्या बातम्यांत हे रोज दिसतं. त्यात चांगल्या फॉन्टांत वेलांटीच्या पाच-सात आकृत्या असतात, रुंद जोडाक्षरासाठी लांब टोपीची, अरुंदासाठी आखूड. त्यातल्या एखादीची नोंद फायलीत नीट नसली तर ती वेलांटी डकवताना गायबच होते. म्हणजे पीडीएफ हे मजकुराचं भांडार नाही. तो छापून घ्यायचा आणि वाचायचा कागद आहे. मराठीपुरतं तरी हे सगळ्या प्रकाशकांनी भिंतीवर लिहून ठेवावं. मूळ फाईल जपा.

दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे, तो टाळणार नाही. थाई लिपीतही व्यंजनाच्या डावीकडे बसणारे स्वर आहेत, आणि युनिकोडात थाई मजकूर दिसतो त्याच क्रमाने साठवला जातो. त्यांच्या जुन्या राष्ट्रीय मानकात तसंच होतं, युनिकोडने ते तसंच ठेवलं. थाई लोकांचं काही अडलं नाही. मग आपलं का अडावं?

याचं उत्तर असं की थाईत त्याची किंमत चुकती करावीच लागते. कोशातल्यासारखा अकारविल्हे लावायचा तर स्वर-व्यंजनाची अदलाबदल करून मगच तुलना करावी लागते. तरी त्यांचं निभतं, कारण थाईत आपल्यासारखी जोडाक्षरं होत नाहीत. वेलांटीने एक व्यंजन ओलांडायचं की तीन, हा प्रश्नच त्यांना पडत नाही. आपल्याकडे तो प्रत्येक 'स्थि', 'क्ति', 'र्थि'पाशी पडतो, आणि बुद्धिबळात पाहिलं तसं त्याचं उत्तर फॉन्टागणिक बदलतं. थाई माणूस दिसतं तसं साठवतो, कारण त्याच्याकडे दिसणं स्थिर आहे. आपलं नाही.

आपल्याकडेही दिसण्यालाच हात घालण्याचे प्रयत्न झाले, हे इथे सांगायला हवं. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने पहिली वेलांटी उचलून व्यंजनाच्या उजवीकडे ठेवायचं सुचवलं होतं, दुसरीहून वेगळी कळावी म्हणून तिची काठी अर्ध्यात तोडून. लोकांना ते पचलं नाही आणि काही वर्षांतच ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे चित्र आणि उच्चार यांच्यातली ही तेढ संगणकाच्याही आधीची आहे. त्या सुधारकांनी चित्र बदलून ती मिटवायला पाहिली. युनिकोडाने चित्राला न दुखवता साठवण वेगळी केली. मला ही तोड जास्त सभ्य वाटते.

एक गोष्ट इथे मान्य करतो. बोटांचा क्रम आणि साठवणीचा क्रम एकच असायला हवा असं नाही. रेमिंग्टन पद्धतीचे युनिकोड कळफलक मिळतात. त्यांत तुम्ही वेलांटी आधी मारता, कळफलक ती धरून ठेवतो आणि व्यंजन आल्यावर मागे टाकतो. ज्यांचा हात तीस वर्षं त्या पद्धतीवर आहे त्यांनी खुशाल वापरावा. मर्यादा तेवढी ओळखावी. या पद्धतीत अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र कळ असते, म्हणून 'स्थि'मध्ये अर्धा स आल्यावर कळफलकाला अजून थांबायचं कळतं. पण पूर्ण स टंकून मग त्याचा पाय मोडलात तर वेलांटी आधीच सला चिकटलेली असते, आणि 'सि्थ' तयार. शिवाय टंकून झालेल्या शब्दात मागे जाऊन वेलांटी घालायची झाली तर कळफलकाला पुढे काय आहे ते दिसत नसतं. अशा वेळी तो शब्द सरळ खोडून पुन्हा टंकावा.

मग टंकणाऱ्यांनी करायचं काय? माझं म्हणणं असं आहे की नक्कल डोळ्यांनी करू नका. समोर स्कॅन केलेलं पान असतं, आणि नवखा माणूस त्यातली एकेक रेघ उतरवत जातो. काठी दिसली, काठी मारली. जाणते टंकणारे असं करत नाहीत. ते चार-पाच शब्द वाचतात, मान वळवतात आणि मनात म्हणत म्हणत टंकतात. 'स्थिती' हा शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला तर 'स्थ' आधी आणि 'इ' नंतरच येते, बोटाला दुसरा मार्गच राहत नाही. जुन्या पुस्तकांना हे विशेष लागू आहे, कारण १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत कवि, गति, मति, शक्ति असे ऱ्हस्वान्त शब्द पानोपानी भेटतात. आजच्या मजकुरात शब्दाच्या शेवटी पहिली वेलांटी मुख्यतः 'आणि' आणि 'नि' यांतच उरली आहे. जुन्या पानावर ती प्रत्येक ओळीत घात करू शकते.

टंकून झाल्यावर तपासणी. विकिस्रोतासारख्या प्रकल्पात पान एकाने तपासलं की पिवळं होतं, दुसऱ्याने प्रमाणित केलं की हिरवं. पद्धत उत्तम आहे, पण दोन्ही खेपांना तपासणारे डोळेच असतात. 'आथिर्क' आणि 'किवता' दोन डोळ्यांतून निसटले तर चारांतूनही निसटतील. क्रमाची तपासणी यंत्राने करावी, कारण यंत्राला टोपीखालचा आकार दिसत नाही, फक्त क्रम दिसतो. त्याला लागणारे दोनच शोध खाली देतो. नियमित पदावलीतलं `\u` आणि मागे वळून पाहणं समजणाऱ्या संपादकात ते चालतात:

```
(?<![\u0915-\u0939\u0958-\u095F\u093C])\u093F
\u093F\u094D
```

पहिला शोध ज्या वेलांटीच्या लगेच मागे व्यंजन किंवा नुक्ता नाही अशी प्रत्येक वेलांटी पकडतो: 'िदवस', 'मािहती', 'अिधक'. यातलं 'अिधक' महत्त्वाचं, कारण अ-ला वेलांटी लागली की बऱ्याच ठिकाणी वर्तुळ उमटत नाही. दुसरा शोध वेलांटीनंतर आलेला पाय पकडतो: 'सि्थती', 'व्यकि्त'. एकच सावधगिरी. सावरकरांच्या लिपिसुधारणेनुसार छापलेल्या पुस्तकांत 'अि' हीच इ असते. तिथे पहिला शोध खऱ्या शब्दांवरही बोट ठेवेल, तेव्हा मूळ पान उघडून बघा.

सापडलेल्या चुका हाताच्या आहेत की यंत्राच्या, हे दुरुस्तीआधी ठरवावं लागतं. त्यासाठी 'आिण' शोधा. 'आणि' हा शब्द नाही असं मराठी पान विरळाच. फायलीतले सगळे 'आणि' जर 'आिण' झाले असतील तर मजकूर पीडीएफमधून किंवा अर्धवट परिवर्तकातून आला आहे. तो फेकून मूळ फाईल नीट परिवर्तित करणं किंवा पुन्हा टंकणं स्वस्त पडतं. पन्नास पानांत दोनच 'आिण' असतील तर ते थकलेल्या तर्जनीचं काम आहे. ते हाताने दुरुस्त करा. अशा फायलीवर 'सगळ्या वेलांट्या एक घर पुढे' असा सरसकट उपाय चालवला तर बरोबर टंकलेला प्रत्येक 'दिवस' 'दविस' होऊन बसतो. तसंच, नुसतं 'आिण'चं 'आणि' आणि 'मािहती'चं 'माहिती' करून मोकळं होणारे महाभाग असतात. त्यांनी रोग तसाच ठेवून फक्त ताप मोजायचं यंत्र फोडलेलं असतं. पुढच्या माणसाला ओळखायची खूणच राहत नाही.

उरतात त्या मुक्या चुका, 'किवता'च्या जातीच्या. त्यांना वरचे दोन्ही शोध आंधळे आहेत. इथे एक युक्ती चांगली चालते. पुस्तकातल्या सगळ्या वेगवेगळ्या शब्दांची यादी काढायची, आणि ज्या शब्दात पहिली वेलांटी आहे त्यातली वेलांटी एक अक्षर पुढे सरकवून तयार होणारा शब्द त्याच यादीत आहे का ते पाहायचं. 'किवता' एकदा आणि 'कविता' तीसदा आली असेल तर निकाल स्पष्ट आहे. यादी अकारविल्हे लावली तरी पुष्कळ काम होतं, कारण चुकलेले शब्द भलत्याच घरात जाऊन बसलेले सापडतात. 'कविता' क-व मध्ये असायची, ती 'कि'मध्ये 'किल्ला'च्या मागोमाग उभी असते.

यानंतरही 'मिलन वस्त्रं' आणि 'विनता' निसटतात. त्यांच्यासाठी मजकूर कानाने ऐकावा. स्क्रीन रीडरने किंवा मजकूर वाचून दाखवणाऱ्या कोणत्याही साधनाने प्रकरण लावून द्यावं आणि मूळ पान समोर धरून ऐकावं. यंत्राचा मराठी उच्चार रुक्ष असतो, पण 'गिणत' तो 'गिणत' असंच म्हणतो. डोळ्यासारखा सांभाळून घेत नाही. अंध वाचकांना तर आपण टंकलेली प्रत्येक प्रत अशीच पोचते. त्यांच्याकडे 'दिसतं की बरोबर' ही पळवाट नाही. कोणी तरी वर्तुळ दिसू नये म्हणून मध्ये अदृश्य चिन्हं पेरून ठेवली, पान देखणं झालं, प्रमाणित झालं, हिरवं झालं, आणि त्यांना मात्र तुटक्या अक्षरांची गडबड ऐकू येते. शोधखिडकीत 'कविता' टाकणाऱ्यालाही 'किवता' लिहिलेलं पान सापडत नाही. ते पान आहे, कोणी तरी रात्री जागून टंकलेलं आहे, आणि तरी ते सापडत नाही.